खरेदीखताचा फोटो वाचता येत नाही : काकाजींकडे नेमकं काय मागायचं?

प्रश्न : "आमची काटोलकडे शेती आहे. काकाजींनी जुन्या खरेदीखताच्या चार पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. मोठे करून पाहिले तरी खसरा नंबर, चतुःसीमा काहीच लागत नाही. परत मागितले तर त्यांनी तेच फोटो पुन्हा टाकले आणि म्हणाले, 'माह्या मोबाईलवर तं साफ दिसून राहिलं.' तिसऱ्यांदा मागायला संकोच वाटतो. त्यांना कसं सांगू?"

उत्तर :

काकाजी खोटं बोलत नाहीयेत. ते त्यांच्या गॅलरीत कॅमेऱ्याने काढलेला मूळ फोटो उघडून पाहतात. तुमच्याकडे आली आहे ती पाठवताना ॲपने लहान केलेली प्रत. तुम्ही दोघं दोन वेगळ्या फायली पाहून बोलताय, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे "स्पष्ट पाठवा" म्हटलं की त्यांना वाटतं पोराने नीट पाहिलंच नसेल, आणि ते तोच मेसेज पुन्हा ढकलतात.

मी सीताबर्डीत टायपिंग आणि डीटीपीचं काम करतो. वाटणीपत्र, आममुखत्यारपत्र, करारनामा, जुन्या दस्ताची नवीन टंकलिखित प्रत, असं सगळं. पूर्वी माणूस कागद घेऊन दुकानात यायचा, आता फोटो येतो आणि माणूस उमरेडला किंवा पुण्यात असतो. तेव्हा फोटो परत मागणं हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. त्यात एक पक्कं कळलं आहे की मागणीत फाइल कोणती आणि वाट कोणती हे दोन्ही सांगावं लागतं. नुसतं "क्लिअर नाही आलं" म्हणून काही होत नाही.

पण मागण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. दोष ॲपचा आहे की फोटोचाच? कॅमेऱ्याचा फोकस चुकला असेल किंवा हात हलला असेल तर मूळ फाइल मागवूनही उपयोग नाही. मग तीच धूसर अक्षरं तुम्हाला मोठ्या आकारात मिळतील एवढंच.

ओळखायचं असं. पानावरची मोठी अक्षरं बघा, म्हणजे "खरेदीखत" हे शीर्षक, मुद्रांकावरची छापील अक्षरं, आखलेली रेघ. ती ठसठशीत आहेत आणि फक्त बारीक मजकूर गेला आहे, अक्षरांच्या कडेला मुंग्या बसल्यासारखे करडे ठिपके दिसतात, खूप मोठं केल्यावर चौकोनी ठोकळे दिसतात, तर ते ॲपचं काम. उलट शीर्षकही मऊ, पुसट दिसत असेल तर फोकस चुकलेला आहे. प्रत्येक अक्षराला एकाच दिशेने सावलीसारखी दुसरी कड असेल तर हात हललेला आहे. पान वरच्या बाजूला स्पष्ट आणि खालच्या बाजूला धूसर असेल तर फोन तिरका धरला होता. हे तिन्ही प्रकार कॅमेऱ्याचे. त्यावर फोटो पुन्हा काढणं हाच उपाय.

दुसरी तपासणी आकड्यांची. तुमच्या गॅलरीत तो फोटो उघडून माहिती किंवा तपशील बघा. तिथे लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये दिसते. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची मोठी बाजू सहसा १६०० पिक्सेलच्या आसपास असते, म्हणजे १२०० × १६०० असं काहीतरी. आवृत्तीनुसार यात थोडा फरक पडतो. साधारण बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा मूळ फोटो ३००० × ४००० चा असतो. तुम्हाला १६०० दिसले तर फोटो वाटेत लहान झाला हे नक्की, आणि काकाजींकडे याहून चांगली प्रत आहे अशी आशा धरायला जागा आहे. ४००० दिसत असतील आणि तरी वाचता येत नसेल, तर ॲपला दोष देऊ नका.

आता बारीक अक्षरच का मरतं, ते तुमच्याच पानावर मांडून दाखवतो. जुनी खरेदीखतं बहुधा लीगल आकाराच्या कागदावर असतात, साडेआठ इंच रुंद आणि चौदा इंच लांब. समजा काकाजींनी पान खाटेवर ठेवून उभ्याने फोटो काढला आणि फ्रेमच्या लांबीत कागदाने दोन तृतीयांश जागा घेतली. बाकी चादर आली. मूळ फोटोत चार हजारांपैकी सुमारे २६७० पिक्सेल त्या चौदा इंचांना मिळाले, म्हणजे इंचाला १९०. टंकलिखित मजकूर साधारण १२ पॉइंटचा धरला तर एका ओळीतलं अक्षर वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत इंचाचा सहावा भाग, म्हणजे सुमारे ३२ पिक्सेल उंच. त्यात शिरोरेखेपासून खालचं अक्षराचं मुख्य अंग निम्मं, सोळा-एक पिक्सेलचं. एवढ्यात १ आणि ९ वेगळे दिसतात.

तोच फोटो १६०० चा झाला की इंचाला ७६ पिक्सेल उरतात. अख्खं अक्षर मात्रा-उकारासकट बारा-तेरा पिक्सेलचं आणि मुख्य अंग सहा पिक्सेलचं. सहा पिक्सेलमध्ये घ आणि ध, भ आणि म, १ आणि ९ यांतला फरक एखाद्या पिक्सेलवर येऊन ठेपतो. अनुस्वार जेमतेम एक ठिपका. आणि दशांशचिन्हाचं तर विचारूच नका. "०.८१ हे.आर." मधला तो टिंब गेला की पुढे काय घोळ होतो हे ज्याने वाटणीपत्र टाइप केलं आहे त्यालाच ठाऊक.

आकार लहान केल्यावर ॲप तिथेच थांबत नाही. उरलेल्या चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील तेवढा टाकून दिला जातो. जेपेग ही पद्धतच तशी आहे. माणसाचा चेहरा, आकाश, शेत यांत बारीक तपशील गेला तरी डोळ्यांना खटकत नाही, म्हणून लग्नाचे फोटो तसेच आले तरी कुणी तक्रार करत नाही. मजकूर म्हणजे मात्र नुसत्या कडाच. पांढऱ्यावर काळं, लगेच पुन्हा पांढरं. तुमचं सहा पिक्सेलचं अक्षर अशा एका चौकोनातच मावतं, त्यामुळे त्या चौकोनात जे गाळलं गेलं ते अक्षरातूनच गेलं. मघाशी म्हटलेल्या करड्या मुंग्या त्याच्याच.

दस्तांच्या बाबतीत आणखी एक त्रास आहे तो रंगाचा. दुय्यम निबंधकाचा शिक्का जांभळा, त्याच्याखाली निळ्या शाईची सही, कधी मुद्रांकाचा रंगीत भाग. या पद्धतीत उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन्ही दिशांनी निम्मी करतात. काळा मजकूर त्यातून सुटतो. पण जांभळ्या शिक्क्यातला दस्त क्रमांक किंवा शिक्क्याखाली आलेली निळी अक्षरं एकमेकांत मिसळतात. म्हणून कधी कधी अख्खं पान वाचता येतं आणि नेमका शिक्क्यातला नंबरच लागत नाही.

एकदा हे पिक्सेल टाकले गेले की तुमच्या बाजूने काहीही केलं तरी ते परत येत नाहीत. झूम करून नाही, लॅपटॉपवर उघडून नाही, त्याची पीडीएफ करूनही नाही. फोटो स्पष्ट करून देणारी ॲपं मिळतात, त्यांचा इथे मी कधीच वापर करत नाही. ती कडा टोकदार करतात, म्हणजे अंदाजाने रेषा काढतात, आणि मग ९ चा १ इतका सुरेख दिसतो की तुम्हाला शंकाही येत नाही. सुरेख दिसणारा आकडा बरोबर असेलच असं नसतं. २०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रीझल यांनी झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनमधला असाच प्रकार उघडकीला आणला होता. घराच्या नकाशाच्या प्रतीत एका खोलीचं क्षेत्रफळ २१.११ चौरस मीटरचं १४.१३ झालं होतं, अगदी स्वच्छ छापून. जागा वाचवण्यासाठी मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. धूसर आकडा निदान तुम्हाला थांबवतो तरी.

आता मुख्य काम, काकाजींना निरोप. मी तुमच्या जागी असतो तर असा लिहिला असता :

> काकाजी, नमस्कार. खरेदीखताची चारही पानं मिळाली. फोटो तुम्ही चांगले काढले आहेत, तुमच्या मोबाईलवर साफ दिसतात ते बरोबर आहे. पण व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान करतं, म्हणून माझ्याकडे बारीक अक्षर पुसट येतं. सध्या फक्त एकच पान पाहिजे, ज्यात खसरा नंबर आणि चारही बाजूंच्या सीमा आहेत ते. पाठवताना क्लिपचं चिन्ह दाबा, त्यात गॅलरी नको, 'डॉक्युमेंट' दाबा आणि तिथून तो फोटो निवडा. आधीचा मेसेज फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉटही नको. नाही जमलं तर राहू द्या, संध्याकाळी मी फोन करतो, दोघं मिळून करू.

यातलं पहिलं वाक्य पोच आहे. त्यांनी मेहनत केली, चार पानं काढली, ती मिळाली हे आधी कळू द्या. दुसऱ्यात त्यांचं म्हणणं मान्य केलं आहे, आणि दोष काकाजींकडून ॲपकडे गेला आहे. तुमचा संकोच जातो तो इथेच, कारण आता तुम्ही त्यांची चूक काढत नसून दोघं मिळून ॲपची चूक दुरुस्त करताय. फक्त "चांगले काढले आहेत" हे आधीची तपासणी करूनच लिहा. फोकसच चुकला असेल तर तो निरोप वेगळा, त्याकडे येतो.

एकच पान मागण्यामागे माझा अनुभव आहे. चारही पानं नव्या पद्धतीने पाठवा म्हटलं की वयस्कर माणूस उद्यावर ढकलतो. एक पान लगेच येतं. ते बरोबर आलं की उरलेली तीन तुम्ही न सांगता येतात, कारण वाट कळलेली असते. आणि पान कोणतं हे नंबराने नाही तर मजकुराने सांगा. त्यांच्या गॅलरीत पानं उलटसुलट क्रमाने असतात, "दुसरं पान" म्हणजे कोणतं यावरच घोळ होतो. "ज्यात सीमा आहेत ते" म्हटलं की चुकत नाही.

फॉरवर्ड आणि स्क्रीनशॉट हे दोन्ही नको असं स्पष्ट लिहावंच लागतं, कारण मनात पहिल्यांदा तेच येतं. फॉरवर्ड केल्यावर तीच लहान झालेली प्रत परत येते, त्यात काडीचीही सुधारणा होत नाही. स्क्रीनशॉट तर आणखी वाईट. साधारण फोनचा पडदा १०८० × २४०० पिक्सेलचा असतो. त्यावर उभा फोटो १०८० × १४४० एवढ्या जागेत दिसतो, वर-खाली काळी पट्टी. तो स्क्रीनशॉट पाठवला की व्हॉट्सॲप २४०० चे १६०० करतं आणि तुमच्या पानाच्या फोटोला ७२० × ९६० उरतात. म्हणजे पहिल्या वेळी जे मिळालं होतं त्याच्याही निम्म्याहून कमी.

डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर ॲप फाइलला हात लावत नाही, जशी आहे तशी पोचवतं. काही फोनवर डॉक्युमेंट दाबल्यावर थेट गॅलरीतून निवडायची सोय दिसते, काहींवर फाइल्सची यादी उघडते आणि त्यात `DCIM` आणि मग `Camera` असं फोल्डर शोधावं लागतं. त्यांचा फोन मराठीत लावलेला असेल तर शब्दही वेगळा दिसू शकतो, म्हणून फोनवर बोलताना कागदाच्या चित्राची खूण सांगा. काकाजींच्या घरी नातू-नात असेल तर त्यांना फोन द्यायला सांगायला लाजू नका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

यापेक्षा सोपी वाट एचडीची. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने ती आणली. फोटो निवडल्यावर पाठवायच्या आधी वर `HD` असं बटण दिसतं, ते दाबलं की फोटो साध्या पद्धतीपेक्षा बराच मोठा राहतो. तपशील गाळण्याचं काम तरीही होतं, पण पिक्सेल पुरेसे असल्याने टंकलिखित मजकूर बहुधा सुटतो. हस्तलिखित, फिकट शाई किंवा शिक्क्याचा नंबर असेल तर मी डॉक्युमेंटच मागतो. काकाजी नेहमी कागदपत्रं पाठवत असतील तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा या भागात मीडिया अपलोड क्वालिटी एचडी करून ठेवा, म्हणजे दर वेळी सांगावं लागणार नाही. घरी गेलात की तुम्हीच करून द्या. टेलिग्रामवर हेच "फाइल म्हणून पाठवा" असं असतं.

फाइल आली की आभार मानायच्या आधी चॅटमध्येच तिचं नाव आणि आकार बघा. डॉक्युमेंट म्हणून आलेल्या फाइलचं नाव तिथे लिहिलेलं असतं. ॲण्ड्रॉइडच्या कॅमेऱ्याने दिलेलं नाव तारीख आणि वेळेचं असतं. व्हॉट्सॲपने साठवलेल्या प्रतीच्या नावात `WA` येतं :

```
IMG_20240612_113045.jpg    कॅमेऱ्याची मूळ फाइल
IMG-20240612-WA0007.jpg    व्हॉट्सॲपने लहान केलेली प्रत
```

दुसऱ्यासारखं नाव आलं आणि आकार दोन-तीनशे केबी असेल, तर काकाजींनी वाट बरोबर धरली पण लहान झालेलीच फाइल नव्या पाकिटात घालून पाठवली. असं बऱ्याचदा होतं, कारण गॅलरीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि लहान चौकोनात सारख्याच दिसतात. मूळ फाइल सहसा काही एमबींची असते. अशा वेळी "तारीख-वेळेचं नाव असलेला फोटो" असं न म्हणता "कॅमेरा नावाच्या अल्बममधला, व्हॉट्सॲप अल्बममधला नाही" असं सांगा. ते पटकन कळतं.

इथे एक शक्यता आहे जी आधीच विचारून घेतलेली बरी. काकाजींनी फोटो फोनच्या कॅमेऱ्याने काढला की चॅटमधलं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबून? चॅटमधूनच काढला असेल तर मोठी मूळ फाइल सहसा फोनमध्ये राहतच नाही. मग कितीही शोधलं तरी `WA` वालीच सापडणार. तसंच फोटो त्यांनाही दुसऱ्या कुणी पाठवला असेल, समजा कागद आतेभावाकडे आहेत आणि त्याने टाकलेले फोटो काकाजींनी पुढे दिले, तर काकाजींना विचारण्यात अर्थ नाही. "काकाजी, हे फोटो मुळात कोणी काढले?" एवढंच विचारा आणि त्या माणसाकडे जा.

फोटो पुन्हा काढायचाच असेल, कारण फोकसचं असो की मूळ फाइल नसल्याचं, तर मी अख्खं पान मागतच नाही. अर्धं अर्धं मागतो. हा माझ्या दुकानातला सगळ्यात कामाचा उपाय आहे, आणि त्याला कोणतीही सेटिंग लागत नाही. मघाचं गणित पुन्हा लावून बघा. लीगल पानाचा वरचा अर्धा भाग म्हणजे साडेआठ बाय सात इंच. फोन आडवा धरून तेवढाच भाग फ्रेमभर घेतला की साधा, लहान झालेला १६०० × १२०० चा फोटोसुद्धा इंचाला सुमारे १७० पिक्सेल देतो. म्हणजे एचडी नाही, डॉक्युमेंट नाही, काही नाही, तरी जवळपास मूळ फोटोइतकी अक्षरं मिळतात. ज्यांना बटणं सापडत नाहीत त्यांना मी एवढंच सांगतो की जवळून काढा, पानाचे दोन फोटो काढा, आणि मधल्या दोन ओळी दोन्हीत येऊ द्या. त्या दोन ओळी नसल्या की नेमकी सांध्यावरची ओळ कापली जाते.

बाकी सूचना थोडक्यात. पान सपाट ठेवायचं, घडी पडली असेल तर हाताने बसवून. दाराजवळ, पण उन्हात नाही, आणि फ्लॅश बंद. कागद लॅमिनेट केलेला असेल तर उजेड बाजूने येऊ द्या, नाहीतर मधोमध पांढरा डाग येतो आणि तो मजकूर खातो. फोन पानाला समांतर. फार जवळ नेला की काही फोनचा फोकस लागत नाही, तेव्हा थोडा वर घेऊन मजकुरावर बोट टेकवायचं आणि अक्षर स्पष्ट झालेलं दिसलं की मग बटण. गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने पीडीएफ केली तरी उत्तम, ती डॉक्युमेंट म्हणूनच जाते. फक्त काळं-पांढरं न निवडता रंगीत ठेवायला सांगा. काळ्या-पांढऱ्यात फिकट मात्रा उडतात आणि जांभळा शिक्का कधी कधी मजकुरासकट काळा ठोकळा होऊन बसतो.

माणूस नात्यातला नसेल, उदाहरणार्थ कार्यालयातला बाबू किंवा ज्याच्याकडून जागा घ्यायची तो, तर निरोप छोटा आणि कोरडा ठेवतो : "सर, फोटो मिळाला, आभार. अनुसूचीतला खसरा क्रमांक आणि क्षेत्रफळ वाचता येत नाही. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा एचडीमध्ये पाठवता आला तर बरं होईल. नाहीतर फक्त अनुसूचीचा जवळून एक फोटो पुरेल." अशा माणसाला कारणांचं व्याख्यान नको असतं. दोन पर्याय दिले की तो सोपा तो करून मोकळा होतो. अंदाजाने वाचलेला आकडा टाकून "हाच ना?" असं मात्र मी विचारत नाही. समोरचा न बघता "हो" म्हणतो. आकडा त्यालाच वाचून दाखवायला सांगा. काकाजींनाही फोनवर हेच सांगता येईल. कागद त्यांच्या हातात आहे, सीमेच्या चार ओळी ते वाचून दाखवतील, तुम्ही लिहून घ्या, आणि फोटो आल्यावर ताडून बघा. कधी कधी तेवढ्यावरच काम होतं.

एक सावधगिरी. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून येते तेव्हा फोटो कुठे आणि कधी काढला ही माहितीही, कॅमेऱ्यात ठिकाण चालू असेल तर, सोबत येते. काकाजी आणि तुमच्यात त्याचं काही नाही. पण तीच फाइल दलालाला किंवा मोठ्या ग्रुपवर टाकू नका. दस्तात नावं, पत्ते, सह्या सगळं असतं.

आणि तुम्हाला हे कशासाठी हवं आहे त्यावरही थोडं अवलंबून आहे. वाचून समजून घ्यायचं असेल, वकिलाला पहिल्या भेटीत दाखवायचं असेल, तर वरचं सगळं पुरेसं आहे. नवीन दस्त करायचा असेल तर मी फोटोतून खसरा नंबर टाइप करतच नाही, तो कितीही स्पष्ट असो. सध्याच्या सातबाऱ्यासाठी काकाजींना फोटो मागायचीही गरज नाही, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत तुम्हीच काढू शकता. जुन्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात ते नोंदलं गेलं तिथून मिळते, आणि त्या अर्जात दस्त क्रमांक आणि वर्ष लिहावं लागतं. म्हणून काकाजींकडून सीमांचं पान आलं की लगेच नोंदणीच्या शिक्क्याचा, जवळून, रंगीत फोटो मागून घ्या.